पेन्शनच्या फरकावर कापलेला टीडीएस २६एएस मध्ये दिसत नाही: चूक कुठे शोधायची आणि कोणाकडून दुरुस्त करून घ्यायची

सुधारित पेन्शनचा फरक एकरकमी मिळतो, त्यातून आयकर कापलेला असतो, ट्रेझरीच्या तपशिलात कपात स्पष्ट दिसते. मात्र रिटर्न भरताना फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडला की ती रक्कम तिथे नसते, किंवा अर्धीमुर्धी असते. नाशिक जिल्ह्यातल्या राज्य शासनाच्या पेन्शनरांना दरवर्षी जून-जुलैमध्ये हा प्रश्न पडतो. बहुतेक जण आधी बँकेत जातात, मग सीएकडे, मग आयकराच्या हेल्पलाइनला फोन लावतात. या तिघांपैकी कोणीही ही नोंद बदलू शकत नाही. ती बदलते फक्त ज्याने कर कापला त्याने आपले तिमाही विवरणपत्र दुरुस्त केल्यावर. तेव्हा नेमकी कोणत्या ओळीत चूक आहे हे स्वतः शोधायचे आणि ती ओळ दाखवूनच दुरुस्ती मागायची.

खालचे सगळे आकडे आणि कलमे आर्थिक वर्ष २०२४-२५ ची, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या वर्षांच्या रिटर्नला मात्र जुनाच कायदा लागतो.

कापणारा कोण, हे आधी

राज्य शासनाच्या निवृत्त कर्मचाऱ्याची पेन्शन बँक खात्यात जमा होत असली तरी ती देते आणि तिच्यावर कर कापते जिल्हा कोषागार कार्यालय. बँक इथे फक्त पोस्टमनचे काम करते. जिल्हा परिषदेच्या पेन्शनरांचा कारभार जिल्हा परिषदेकडे असतो. केंद्र शासनाच्या पेन्शनरांचा कर बँकेचे केंद्रीय पेन्शन केंद्र कापते, आणि ते केंद्र नाशिकच्या शाखेत नसते. शाखेतला अधिकारी फार तर अर्ज पुढे पाठवू शकतो.

शंका असेल तर टॅन, म्हणजे कर कापणाऱ्या कार्यालयाचा क्रमांक, पाहा. २६एएस मध्ये प्रत्येक कपातदाराच्या नावापुढे दहा अक्षरांचा टॅन असतो. नाशिकमधल्या कार्यालयांचे टॅन `NSK` ने सुरू होतात. तिथे `MUM` दिसले तर विवरणपत्र मुंबईच्या कार्यालयाने भरले आहे, आणि नाशिकच्या पेन्शन शाखेत कितीही खेटे घातले तरी उपयोग नाही.

कुटुंबनिवृत्तिवेतनाची गोष्ट वेगळी आहे. ते 'पगार' या सदरात येत नाही, 'इतर उत्पन्न' धरले जाते आणि त्यावर कलम १९२ खाली टीडीएस होत नाही. इथला पुढचा मजकूर स्वतःची पेन्शन घेणाऱ्यांसाठी आहे.

२६एएस कसा वाचायचा

आयकराच्या संकेतस्थळावर लॉगिन करून या मार्गाने जा:

```
e-File > Income Tax Returns > View Form 26AS
```

तिथून ट्रेसेस हे आयकर विभागाचे टीडीएसच्या नोंदींचे संकेतस्थळ उघडते. `Assessment Year` मध्ये २०२५-२६ निवडायचे. २०२४-२५ निवडले तर त्याच्या आधीच्या वर्षाचे पान उघडते आणि "काहीच दिसत नाही" अशी निम्मी तक्रार इथेच तयार होते. `View As` मध्ये `HTML` ठेवले की पान लगेच दिसते. पहिल्या भागात ट्रेझरीच्या नावाची ओळ उघडली की आत प्रत्येक कपातीची स्वतंत्र ओळ असते. वरची बेरीज सोडून द्या, आतल्या ओळी वाचा. कलम, व्यवहाराची तारीख, नोंदीची स्थिती, दिलेली रक्कम, कापलेला कर आणि जमा झालेला कर एवढे रकाने तिथे आहेत.

स्थितीच्या रकान्यात एकच अक्षर असते. `F` म्हणजे नोंद पक्की. `P` फक्त सरकारी कपातदारांच्या बाबतीत येते: नोंद आहे, लेखा अधिकाऱ्याकडून पडताळणी व्हायची आहे. यात घाबरण्यासारखे नाही, पण रिटर्न भरण्यापूर्वी ती `F` झाली का हे पुन्हा पाहावे. `U` म्हणजे विवरणपत्रात कर कापल्याचे लिहिले आहे, पण सरकारी हिशेबातल्या जमेशी ते जुळलेले नाही. `O` म्हणजे जितका भरणा आहे त्याहून जास्त रकमेचे वाटप त्यावर दाखवले गेले आहे. आणि ओळच नसेल तर तुमच्या पॅनवर ती कपात पोहोचलेलीच नाही.

एक खबरदारी. जानेवारी ते मार्च या तिमाहीचे विवरणपत्र भरायची मुदत ३१ मे असते आणि फॉर्म १६ द्यायची १५ जून. फरक फेब्रुवारीत मिळाला आणि एप्रिलमध्ये २६एएस कोरा दिसला तर ती चूक नव्हे. विवरणपत्र अजून गेलेलेच नाही.

एक प्रकरण, आकड्यांसह

समजा एक कर्मचारी ३१ मार्च २०२२ रोजी ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. वेतननिश्चिती उशिरा सुधारली, महालेखाकार, मुंबई यांच्याकडून सुधारित प्राधिकारपत्र आले आणि एप्रिल २०२४ पासून वाढीव पेन्शन सुरू झाली. मागच्या दोन वर्षांचा फरक मात्र जानेवारी २०२५ मध्ये स्वतंत्र देयकाने मिळाला. सोयीसाठी दरमहा ६१,००० रुपये पेन्शन आणि फरक दरमहा १६,००० प्रमाणे २४ महिन्यांचा, म्हणजे ३,८४,००० रुपये धरू.

वर्षाची पेन्शन ७,३२,०००. फरक मिळून ११,१६,०००. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेल्यावर करपात्र १०,४१,०००. त्यावर कर ५६,१५० आणि चार टक्के उपकर धरून ५८,३९६ रुपये. फरक नसता तर करपात्र रक्कम ६,५७,००० राहिली असती आणि सात लाखांच्या आतल्या सवलतीमुळे कर शून्य झाला असता. म्हणजे सगळा कर फरकामुळेच आला. ट्रेझरीने जानेवारीच्या फरकाच्या देयकातून ४६,४०० आणि नंतरच्या दोन महिन्यांच्या पेन्शनमधून प्रत्येकी ६,००० कापले. एकूण ५८,४००.

जूनमध्ये २६एएस उघडला तर ६,००० च्या दोनच ओळी. जमा १२,०००. ४६,४०० गायब.

आता कारण कसे ओळखायचे? दोन खुणा फार उपयोगी आहेत. पहिली खूण फॉर्म १६ मध्ये. त्याचा भाग अ ट्रेसेसवरून उतरवलेला असतो आणि तो २६एएसच्याच माहितीवर बनतो. तिथे १२,००० आणि भाग ब मध्ये मात्र एकूण पेन्शन ११,१६,००० असे दिसले, तर फरकाची रक्कम ट्रेझरीने हिशेबात धरलेली आहे, चूक विवरणपत्राच्या एका जोडपत्रात आहे. दुसरी खूण एआयएस मध्ये, म्हणजे आयकर विभागाच्या वार्षिक माहिती विवरणात: तिथे `Salary (TDS Annexure II)` अशी वेगळी नोंद असते. तीत पूर्ण रक्कम आणि १९२ कलमाच्या तिमाही नोंदींत कमी रक्कम, हाच विसंवाद तिथेही दिसेल.

यामागचे कारण समजून घेतले की पुढचा पत्रव्यवहार सोपा होतो. पगार आणि पेन्शनवरच्या टीडीएसचे विवरणपत्र म्हणजे फॉर्म २४क्यू. त्याच्या जोडपत्र एक मध्ये प्रत्येक कपातीची ओळ असते: कोणाचा पॅन, कोणत्या तारखेला किती दिले, किती कापले. जोडपत्र दोन फक्त चौथ्या तिमाहीत असते आणि त्यात वर्षभराचा एकत्रित गोषवारा असतो. २६एएस मधली जमा जोडपत्र एक मधून येते, फॉर्म १६ चा भाग ब जोडपत्र दोनमधून. नेहमीच्या पेन्शनच्या ओळी संगणकातल्या मूळ नोंदवहीतून येतात, तिथे पॅन बरोबर असतो. फरकाचे देयक स्वतंत्र असल्याने त्याची ओळ अनेकदा हाताने भरली जाते, आणि तिथेच पॅनमधल्या ५७ चे ७५ होते. आपल्या प्रकरणात हेच झाले आहे असे धरू.

पॅनच्या ठिकाणी `PANNOTAVBL` लिहून ओळ पुढे ढकलली असेल तरी परिणाम तोच: कर सरकारजमा होतो, पण कोणाच्याच नावावर लागत नाही. चुकलेला पॅन दुसऱ्या कोणाचा खरा पॅन निघाला, तर त्या माणसाच्या २६एएस मध्ये तुमचे ४६,४०० दिसत असतात.

अशा चुकीची झळ ट्रेझरीलाही बसते, हे पेन्शन शाखेत सांगण्यासारखे आहे. पॅन अवैध ठरला की ट्रेसेसची यंत्रणा त्या ओळीवर कलम २०६एए प्रमाणे २० टक्के दराने कपात व्हायला हवी होती असे धरते. ३,८४,००० चे २० टक्के ७६,८००; कापले ४६,४००; उरलेल्या ३०,४०० रुपयांच्या कमी कपातीची मागणी ट्रेझरीच्याच टॅनवर निघते. त्यांच्या ट्रेसेस खात्यातल्या `Justification Report` मध्ये ही ओळ चुकीच्या पॅनसह दिसते. पॅन दुरुस्त केला की तुमची जमा येते आणि त्यांची मागणीही जाते. "तुमच्यावरची मागणी निघून जाईल" हे वाक्य "मी ज्येष्ठ नागरिक आहे" यापेक्षा टेबलावर लवकर हालचाल घडवते.

`U` दिसत असेल तर

ओळ आहे, रक्कम बरोबर आहे, पण `U`. ही वेगळी चूक आहे आणि इथे पॅन तपासण्यात वेळ घालवू नये. ट्रेझरी कापलेला कर बँकेत चलनाने भरत नाही. पुस्तकी समायोजनाने वर्ग करते. त्याचे मासिक विवरण फॉर्म २४जी मध्ये जाते आणि त्यातून बिन क्रमांक तयार होतो. बिनमध्ये तीन गोष्टी असतात: २४जी चा सात अंकी पावती क्रमांक, डीडीओचा, म्हणजे आहरण व संवितरण अधिकाऱ्याचा पाच अंकी अनुक्रमांक आणि महिन्याची शेवटची तारीख. २४क्यू भरताना हे तिन्ही आणि रक्कम तंतोतंत जुळावी लागते. जानेवारीच्या देयकाला फेब्रुवारीचा पावती क्रमांक लागला, किंवा २४जी मध्ये फरकाच्या देयकाची रक्कमच धरायची राहिली, की ओळ `U` वर अडकते.

पहिल्या प्रकारात फक्त २४क्यू ची दुरुस्ती पुरते. दुसऱ्या प्रकारात आधी २४जी दुरुस्त व्हायला लागते आणि मगच २४क्यू. क्रम उलटा झाला तर दुरुस्ती करूनही `U` तसाच राहतो, आणि मग "आम्ही केले आहे, आयकरवाल्यांना विचारा" असे उत्तर मिळते. आपल्याला एवढेच विचारायचे: त्या महिन्याच्या २४जी मध्ये या टॅनपुढे एकूण किती रक्कम आहे आणि २४क्यू मध्ये त्या बिनवर किती दाखवली आहे. दोन्ही आकडे सारखे नसतील तर कारण सापडले.

अर्जात काय लिहायचे

अर्ज पेन्शन शाखेच्या नावाने, दोन प्रती, एकीवर पोचीचा शिक्का. "टीडीएस दिसत नाही, योग्य ती कार्यवाही व्हावी" एवढ्यावर फाइल हलत नाही, कारण शाखेतल्या माणसाला कोणते विवरणपत्र उघडायचे तेच कळत नाही. असा मजकूर पुरेसा आहे:

> विषय: आर्थिक वर्ष २०२४-२५, चौथी तिमाही, फॉर्म २४क्यू जोडपत्र एक मधील नोंदीच्या दुरुस्तीबाबत.
>
> महोदय, माझा पीपीओ क्रमांक … व पॅन … असा आहे. जानेवारी २०२५ मध्ये देयक क्रमांक …, प्रमाणक क्रमांक …, दिनांक … अन्वये मला पेन्शनच्या फरकापोटी रु. ३,८४,००० मंजूर होऊन त्यातून रु. ४६,४०० आयकर कपात झाली. ही कपात माझ्या फॉर्म २६एएस मध्ये आपल्या टॅनखाली दिसत नाही. त्याच तिमाहीतील रु. ६,००० च्या दोन कपाती दिसतात. तरी जोडपत्र एक मधील सदर नोंदीचा पॅन तपासून दुरुस्ती विवरणपत्र दाखल करावे व त्याचा टोकन क्रमांक मला कळवावा, ही विनंती.
>
> सोबत: पॅनची प्रत, २६एएस ची प्रत, बँक पासबुकातील जमेची नोंद, कपातीचा तपशील.

देयक आणि प्रमाणक क्रमांक ट्रेझरीकडूनच मिळतात. महिन्यांचा तपशील महाकोष संकेतस्थळावरच्या निवृत्तिवेतनवाहिनीत पाहता येतो. पासबुकात निव्वळ रक्कम असते, म्हणजे इथे ३,३७,६००. मंजूर रकमेतून ती वजा केली की ४६,४०० येतात. कपात झाल्याचा हा सर्वांत भक्कम पुरावा. त्या पानाची प्रत जपून ठेवावी.

अर्जात "जोडपत्र एक" हे शब्द मुद्दाम घातले आहेत. पुष्कळदा शाखेकडून जोडपत्र दोन दुरुस्त होते, नवा फॉर्म १६ हातात येतो, त्याच्या भाग ब मध्ये सगळे चोख असते, आणि २६एएस मात्र जसाच्या तसा. शिवाय कोऱ्या कागदावर टाइप करून सही-शिक्का मारलेला "फॉर्म १६" मिळाला तर तो फक्त कपातीचा दाखला समजावा. ट्रेसेसचे चिन्ह आणि प्रमाणपत्र क्रमांक असलेला भाग अ हाच खरा.

पंधरा-वीस दिवसांत काही हालले नाही तर त्याच अर्जाची प्रत सहसंचालक, लेखा व कोषागारे, नाशिक विभाग यांच्याकडे द्यावी. निफाड, येवला, सुरगाण्याकडच्या पेन्शनरांनी पहिला अर्ज उपकोषागारात दिला तरी चालतो, पण विवरणपत्र कोणत्या कार्यालयाच्या टॅनवर आहे ते पाहून प्रत तिकडेही पाठवावी.

मुदतीकडे लक्ष हवे. पूर्वी दुरुस्ती विवरणपत्राला सहा वर्षांची मर्यादा होती. नव्या कायद्यात मूळ विवरणपत्र ज्या वर्षात भरायचे होते त्या वर्षाच्या अखेरीपासून दोनच वर्षे मिळतात. त्यामुळे २०२४-२५ च्या चौथ्या तिमाहीची दुरुस्ती ३१ मार्च २०२८ पर्यंत होऊ शकते, पण त्याच वर्षाच्या तिसऱ्या तिमाहीची ३१ मार्च २०२७ ला संपते, कारण ते विवरणपत्र जानेवारी २०२५ मध्येच भरायचे होते. २०२३-२४ च्या पहिल्या तीन तिमाही आणि त्याआधीची विवरणपत्रे ३१ मार्च २०२६ नंतर दुरुस्त होत नाहीत.

दुरुस्ती होईपर्यंत रिटर्नचे काय

इथे दोन टोकाच्या चुका होतात. काही जण २६एएस मध्ये फरक दिसत नाही म्हणून उत्पन्नातही तो दाखवत नाहीत. ३,८४,००० बँकेत आले आहेत आणि एआयएस मध्ये जोडपत्र दोनची नोंद आहे. ही लपवाछपवी टिकत नाही. दुसरे टोक म्हणजे संगणकाने आपोआप भरलेले १२,००० तसेच ठेवून उरलेला कर खिशातून भरणे. असे केले आणि जमा नंतर आली, तर पैसे परत मिळवण्यासाठी सुधारित रिटर्न लागते. त्याची मुदत कर निर्धारण वर्ष २०२५-२६ साठी ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. आयटीआर-यू, म्हणजे नंतर भरायच्या अद्ययावत रिटर्नमध्ये परतावा वाढवून मागता येत नाही. मग उरतो कलम ११९(२)(ब) खालचा विलंबमाफीचा अर्ज, आणि तो रस्ता लांबचा आहे.

आमच्या मते कपात खरोखर झाली असेल आणि पुरावा हाती असेल तर पूर्ण उत्पन्न आणि पूर्ण ५८,४०० दोन्ही दाखवावेत. टीडीएसच्या तक्त्यात त्याच टॅनच्या ओळीतली रक्कम बदलायची, नवी ओळ जोडायची नाही.

त्याआधी फॉर्म १०ई. फरक मागच्या वर्षांचा असल्याने कलम ८९ ची सवलत मिळते. फॉर्म १०ई ऑनलाइन, रिटर्नच्या आधी भरलेला असावा, नाहीतर सवलत नाकारली जाते. याच प्रकरणाचा हिशेब पाहा. २०२३-२४ मध्ये पेन्शन ५,४०,००० होती असे धरू. त्यात १,९२,००० फरक मिळवला आणि त्या वर्षीची ५०,००० ची वजावट घेतली तरी ६,८२,००० होतात, नव्या प्रणालीत कर शून्य. २०२२-२३ मध्ये पेन्शन ५,०४,००० आणि जुनी प्रणाली. फरकाशिवाय करपात्र ४,५४,०००, कर शून्य. फरकासह ६,४६,०००, कर उपकरासह ४३,३६८. (त्या वर्षी वय साठच्या आत असल्याने तीन लाखांची ज्येष्ठांची मर्यादा लागत नाही, मूळ अडीच लाखच.) चालू वर्षात फरकामुळे वाढलेला कर ५८,३९६, मागच्या वर्षांत वाढला असता ४३,३६८. सवलत १५,०२८ रुपये. म्हणजे रिटर्नमध्ये १५,०३० रुपयांचा परतावा निघतो.

२६एएस अजून दुरुस्त नसेल तर बेंगळुरूचे प्रक्रिया केंद्र फक्त १२,००० ची जमा देईल आणि कलम १४३(१) च्या सूचनेत परताव्याऐवजी ३१,३७० रुपयांची मागणी येईल. १०ई भरला नसेल तर हीच मागणी ४६,४०० ची होते, आणि इथे लोक दोन वेगळ्या चुका एक समजून बसतात. मागणीचा आकडा पाहून कोणती चूक आहे ते ओळखता येते: सूचनेतल्या कलम ८९ च्या ओळीत शून्य असेल तर प्रश्न १०ई चा, टीडीएसच्या ओळीत १२,००० असेल तर प्रश्न ट्रेझरीचा.

मागणी आली की तीस दिवसांच्या आत `Pending Actions > Response to Outstanding Demand` मध्ये जाऊन `Disagree with demand` निवडावे. गप्प बसले तर तीस दिवसांनंतर दरमहा एक टक्का व्याज सुरू होते आणि पुढच्या वर्षीचा परतावा या मागणीत वळता केला जाऊ शकतो. साठी ओलांडलेल्या आणि धंद्याचे उत्पन्न नसलेल्या पेन्शनरला आगाऊ कर भरायचा नसतो, त्यामुळे कलम २३४बी चे व्याज सूचनेत लागले असेल तर त्यावरही हरकत घ्यावी.

एआयएस मध्ये "माहिती चुकीची आहे" असा अभिप्राय देऊन टीडीएसची जमा वाढत नाही. तिथे वेळ घालवू नये.

ट्रेझरी दाद देतच नाही किंवा दुरुस्तीची मुदत उलटून गेली असेल, तर कलम २०५ आपल्या बाजूने आहे: जो कर उत्पन्नातून कापला गेला तो करदात्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ च्या पत्राने आणि पुन्हा ११ मार्च २०१६ च्या कार्यालयीन ज्ञापनाने हेच अधिकाऱ्यांना बजावले आहे. मंजुरी आदेश, कपातीचा तपशील, पासबुक आणि ट्रेझरीला दिलेल्या अर्जाची पोच जोडून आपल्या कर निर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. यातून वसुली थांबते. जमा मिळून परतावा निघेलच असे मात्र नाही. म्हणून ट्रेझरीकडची दुरुस्ती हाच पहिला मार्ग.

फरकात उपदान किंवा अंशराशीची रक्कम मिसळली असेल

सुधारित प्राधिकारपत्राने पेन्शनबरोबर उपदान आणि अंशराशीकरणाचाही फरक मिळतो. शासकीय कर्मचाऱ्याला या दोन्ही रकमा पूर्ण करमुक्त आहेत. एकाच देयकात सगळे आले की कधीकधी संपूर्ण रकमेवर कर कापला जातो. इथे २६एएस ची जमा बरोबरच असते, तेव्हा ती दुरुस्त करायला जाऊ नये. रिटर्नमध्ये या रकमा करमुक्त म्हणून दाखवायच्या आणि जादा कापलेला कर परत घ्यायचा. प्राधिकारपत्राची प्रत मात्र हाताशी हवी, कारण २६एएस मधली दिलेली रक्कम तुमच्या करपात्र पेन्शनपेक्षा जास्त दिसणार.

दुरुस्ती झाली हे कसे कळते

ट्रेझरीकडून टोकन क्रमांक मिळाल्यावर, विवरणपत्रावर प्रक्रिया झाली की काही दिवसांत २६एएस बदलतो. आपल्या प्रकरणात ४६,४०० ची नवी ओळ यायला हवी. रक्कम किंवा तारखेची दुरुस्ती असेल तर जुनी ओळ ऋण चिन्हासह पुन्हा येते आणि तिच्याखाली सुधारलेली. ऋण आकडा पाहून जमा काढून घेतली असे समजू नये, तिन्ही ओळींची बेरीज करावी. नव्या ओळीपुढे `F` आले की `Services > Rectification` मध्ये जाऊन `Reprocess the return` निवडावे. रिटर्नमध्ये ५८,४०० आधीच दाखवलेले असल्याने दुसरे काही भरावे लागत नाही. `P` असताना घाई केली तर तीच मागणी पुन्हा कायम होऊन येऊ शकते. या दुरुस्तीला सूचना ज्या आर्थिक वर्षात निघाली त्याच्या अखेरीपासून चार वर्षे मिळतात, तेव्हा `F` साठी थांबायला हरकत नाही.